डाळ शिजंना: लातूरच्या होस्टेलातला एक महिना

लातूरला क्लासेसच्या भागात माझं किराणा दुकान आहे. मुलं जून-जुलैत येतात, पहिल्या आठवड्यात मॅगीचा मोठा पुडा, बिस्किटं आणि कपभर नूडल्स नेतात, आणि दिवाळीपर्यंत निम्मी मुलं मेस लावून मोकळी होतात. त्यामुळे माझा भाचा वसमत तालुक्यातून इथं आला आणि म्हणाला, “मामा, मेस नको, मी हातानं करून खाईन,” तेव्हा मी फार मनावर घेतलं नाही. त्याच्या होस्टेलात गॅसला बंदी आहे, कॉइलच्या शेगडीलाही बंदी आहे. इंडक्शन आणि पाणी तापवायची किटली चालते. खोलीत सबमीटर आहे, युनिटला दहा रुपये. त्याच्याकडं या दोनच वस्तू होत्या, आणि आक्कानं गावाकडून बांधून दिलेलं ज्वारी, तुरीची डाळ, येसर आणि काळं तिखट.

पहिल्या महिन्याचा हिशोब त्यानं वहीत लिहिला होता म्हणून बरं झालं. किराणा, भाजी आणि वीज मिळून 2100 रुपये, आणि बाहेरचं खाणं 1900. एकूण 4000. त्या भागातली मेस दोन वेळचे 3000 घेते, रविवारी संध्याकाळी बंद असते, सकाळचा चहा-नाष्टा आपला आपण करायचा. तो धरला तर मेसवाल्या मुलाचे 4200 जातात. म्हणजे महिनाभर भांडी घासून पोरानं दोनशे रुपये वाचवले आणि वर तो वाळला. घरचं करून खाल्लं की स्वस्त पडतं असं सगळे म्हणतात, पण त्याच्या वहीत ते दिसत नव्हतं.

वही वाचताना एक गोष्ट लगेच दिसली. बाहेरच्या खाण्याची नोंद बहुतेक रात्री दहानंतरची होती. वडापाव, अंडाभुर्जी, पुन्हा वडापाव. ज्या दिवशी अशी नोंद, त्या दिवशीच्या रकान्यात ‘भात+डाळ (कच्ची)’ किंवा नुसतं ‘भात’. मी विचारलं तर म्हणाला, “मामा, डाळ शिजंना. सहा-सहा शिट्ट्या देतो, तरी वर पाणी अन् खाली दाणे.”

मग एका रविवारी मी खोलीवर गेलो.

डाळीआधी भांड्याची भानगड. आक्कानं दिलेला कुकर ॲल्युमिनियमचा. इंडक्शनवर ठेवला की `E0` दाखवून टीं-टीं करत बंद. इंडक्शन स्वतः तापत नाही. खालची तांब्याची गुंडाळी भांड्याच्या बुडात वीज फिरवते आणि त्यानं बूड तापतं. त्यासाठी बुडाला लोहचुंबक चिकटलं पाहिजे. ॲल्युमिनियम, पितळ, तांबं यांना ते चिकटत नाही, आणि स्टीलमधलंही बरंचसं चिकटत नाही, म्हणून ‘स्टील आहे ना’ एवढ्यावर भांडं घेऊ नये. खिशात एक चुंबक घेऊन भांड्याच्या दुकानात जावं. त्यानं सुरुवातीला एका मित्राच्या पातेल्यात, झाकण ठेवून डाळ शिजवली होती आणि पुढं मित्राचाच छोटा कुकर उसना आणला होता. आम्ही 1600 रुपयांना तीन लिटरचा, इंडक्शनला चालणाऱ्या बुडाचा स्टीलचा कुकर घेतला, आत बसतील असे दोन डबे घेतले. फोडणीची पळी मात्र काही केल्या चालली नाही. तिचं बूड लहान आणि गोल, प्लेटला ते भांडं आहे हेच कळत नाही. म्हणून फोडणी कुकरच्या तळातच करायची, असं ठरलं, आणि त्यावरून पुढचा सगळा क्रम ठरला.

आता डाळ. कच्ची राहायची तीन कारणं मला दुकानदार म्हणून माहीत आहेत: डाळ जुनी, पाणी जड, किंवा आंबट आधी पडलेलं. डाळ जुनी नव्हती, त्याच वर्षीची, गावच्याच तुरीची. तीच मूठभर डाळ मी घरी आणली, आमच्या प्यायच्या पाण्यात लावली, तीन शिट्ट्यांत लोण्यासारखी झाली. मग त्याच्या खोलीतल्या नळाचं पाणी बाटलीत आणून त्याच कुकरात, तेवढीच डाळ, तेवढ्याच शिट्ट्या. दाणा दाताखाली कचकन लागला. होस्टेलचं वापराचं पाणी बोअरचं. किटलीत डोकावलं तर बुडाला चुन्याचा पांढरा थर होता, नखानं खरवडला की पापुद्रा निघत होता. तेच चुन्याचं पाणी डाळीत जात होतं. त्यातलं कॅल्शियम डाळीच्या पेशी जोडून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट करतं, मग कितीही उकळा, दाणा फुटत नाही. वर हा पोरगा टोमॅटो आणि चिंच आधीच टाकत होता, का तर एकदमच सगळं होईल. आंबटानंही तेच होतं.

उपाय फुकटातला निघाला. होस्टेलच्या खालच्या मजल्यावर फिल्टरचं पाणी आहे, मुलं ते प्यायला नेतात. डाळीला आणि भाताला तेच वापरायचं, दिवसाला जेमतेम दोन लिटर लागतं. टोमॅटो-चिंच डाळ शिजल्यावर. मटकी आणि हरभरा भिजवताना लिटरभर पाण्यात दोन चमचे मीठ टाकायचं आणि सकाळी ते पाणी ओतून धुऊन घ्यायचं. मिठातलं सोडियम सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं, साल मऊ पडते. खायचा सोडा टाकायचा सल्ला त्याला खोलीतल्या सगळ्यांनी दिला होता. सोड्यानं डाळ शिजते हे खरं, पण चव साबणासारखी होते आणि ब-१ जीवनसत्त्व जातं. पाणी बदलून भागत असेल तर सोडा कशाला? किटलीचा थर काढायला माझ्याच दुकानातलं लिंबूसत्त्व एक चमचा, अर्धी किटली पाणी, एक उकळी, वीस मिनिटं तसंच, मग दोनदा धुणं. पांढरी किटली पुन्हा चकचकीत झाली.

दुसरा फेरा भाकरीचा. मराठवाड्यातलं पोर, भाकरीशिवाय जेवण झाल्यासारखं वाटत नाही. त्यानं लोखंडी तवा आणला होता, आणि लोखंडी तवा इंडक्शनवर चालतोही. पण आतली गुंडाळी असते वीतभर, तापतो तेवढाच मधला गोल. मधे भाकरी करपली, कडेला पीठ पांढरं. त्यात पीठ महिन्याचं एकदम दळून आणलेलं. ज्वारीच्या पिठाची विरी आठवडा-दहा दिवसांत जाते, मग थापताना कड फाटते आणि तव्यावर टाकेपर्यंत तुकडे होतात. दोन आठवडे तो रोज अर्धा तास याच्यात घालवत होता. आक्काला फोन लावला तर ती म्हणाली, “अरे, कण्या कर की. दुष्काळात आपण काय खाल्लं?”

तिचं बरोबर होतं. ज्वारी तीच, गिरणीवाल्याला भरड काढून द्यायला सांगितली, वरचं पीठ चाळून बाजूला ठेवलं, आणि भाताऐवजी कुकरला लावायला कण्या तयार झाल्या. एक वाटी कण्या, तीन वाट्या पाणी, मीठ, निदान अर्धा तास भिजत ठेवून चार शिट्ट्या. ताकाबरोबर खायच्या असतील तर पाणी चार वाट्या. भाकरीची हौस राहिलीच, म्हणून बुधवारी आणि रविवारी गल्लीतल्या बाईकडून दहा रुपयांची एक अशा दोन भाकऱ्या. महिन्याचे 180 रुपये. घरची पाच किलो ज्वारी बाजारभावानं धरली तरी 200 रुपये होते, पण तिच्या भाकऱ्या करायला त्या खोलीत तवा, पीठ आणि वेळ यांतलं काहीच जमत नव्हतं. या खर्चावर आमचं भांडण झालं नाही.

हे ठरल्यावर दिवस असा लागला. रात्री झोपताना कण्या आणि मटकी भिजत. सकाळी पावणेसातला किटलीत दोन अंडी आणि ती बुडतील एवढं पाणी. किटलीचा आपोआप बंद होणारा खटका वाफेवर चालतो, वाफ मागच्या फटीतून पट्टीवर गेली की खटका पडतो. म्हणून झाकण घट्ट लावायचं, उघड्या झाकणाची किटली बंदच होत नाही. खटका पडल्यावर अंडी बारा मिनिटं तशीच गरम पाण्यात. एक अंडं त्याचं, एक खोलीतल्या मित्राचं. अंडं फुटलं तर पांढरं बुडाला चिकटतं, म्हणून हळूच सोडायची. किटलीत दूध, डाळ, मॅगी असं काही घालायचं नाही, हा नियम मी दटावून सांगितला. दूध तळाला लागतं, मॅगीचा फेस वर येऊन खटक्याच्या फटीत शिरतो, आणि नंतर चहाच्या पाण्याला महिनाभर मसाल्याचा वास येतो.

अंडी तशीच असताना इंडक्शनवर कुकर. तळाला दोन वाट्या पाणी, खालच्या डब्यात पन्नास ग्रॅम तूरडाळ हळद घालून, वरच्या डब्यात कण्या. पहिली शिट्टी होईपर्यंत 1200 वॅट, मग 600 वर उतरवून बाकीच्या तीन. सुरुवातीलाच 2000 वर ठेवलं की डाळ फेसाळून डब्याबाहेर येते, शिट्टीच्या भोकात अडकते आणि शिट्टी होतच नाही. तसं झालं तर वास येईपर्यंत थांबू नये, बंद करून वाफ जाऊ द्यावी. सगळं मिळून पंचवीस मिनिटं, तेवढ्यात आंघोळ. मग डबे बाहेर, तळातलं पाणी ओतून, कुकर पुसून तिथंच चमचाभर तेलात जिरं, लसूण आणि काळं तिखट, त्यात घोटलेली डाळ आणि आता टोमॅटो. एक उकळी. वरण-कण्या-कांदा आठ वाजता खाऊन, उरलेलं डब्यात घालून क्लासला, आणि तो डबा दुपारी एकच्या आत संपवायचा.

या ‘एकच्या आत’ला कारण आहे. पहिल्या महिन्यात सकाळी आठला केलेली खिचडी त्यानं रात्री नऊला खाल्ली होती आणि रात्रभर उलट्या काढल्या. फ्रीज नाही, पत्र्याच्या जिन्याखालची खोली. शिजलेल्या भातात टिकून राहणारे जंतू अशा उष्णतेत वाढतात, त्यांनी सोडलेलं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. तार सुटली, आंबूस वास आला तर टाकायचं हे सगळ्यांना कळतं. पण त्या खिचडीला वासही नव्हता आणि तारही नव्हती. म्हणून घड्याळ पाहायचं, नाक नव्हे. संध्याकाळचं संध्याकाळीच करायचं.

आणि संध्याकाळी दमलेला पोरगा काय करणार? इथं येसर कामाला आलं. येसर म्हणजे धान्यं-डाळी भाजून मसाल्यासकट दळलेलं पीठ. घरोघरी त्याचं माप वेगळं, आक्काच्या येसरात हरभराडाळ जरा जास्त असते. ते आधीच भाजलेलं असल्यानं पाच-सहा मिनिटांच्या उकळीत आमटी होते. आधी किटलीत लिटरभर पाणी उकळून घ्यायचं, त्यातलं थोडं वाटीतल्या मूठभर सोयावडीवर ओतायचं, बाकी तसंच ठेवायचं. मग किटली काढून कुकरात भात, तीन शिट्ट्या. भात डब्यात काढून ठेवला की त्याच कुकरात तेल, मोहरी, लसूण, त्यात पिळलेल्या वड्या. तीन चमचे येसर अर्धी वाटी गार पाण्यात कालवून त्यात ओतायचं आणि किटलीतलं गरम पाणी वरून. कोरडं येसर थेट गरम पाण्यात टाकलं की गोळ्या होतात, त्या पळीनं मोडत नाहीत. पहिल्या दिवशी झाल्याच. आठवड्यात दोनदा येसर आमटी, दोनदा मूगडाळीची खिचडी, दोनदा मटकीची उसळ, रविवारी पिठलं आणि विकतची भाकरी.

किटली काढून मग कुकर, असं मी वर लिहिलं, ते मुद्दाम. त्या खोलीत एक सहा अँपियरचा बोर्ड आणि त्याला जोडलेली एक्स्टेंशन होती. पहिल्या महिन्यात दोन्ही एकदम चालवली जायची. किटली 1500 वॅट, इंडक्शन 1200 धरली तरी 2700, म्हणजे 230 व्होल्टला जवळजवळ पावणेबारा अँपियर. मी गेलो तेव्हा एक्स्टेंशनचं प्लास्टिक पिनेभोवती तपकिरी झालं होतं आणि हात लावला तर चटका बसला. मासळी जळल्यासारखा वास येतो म्हणून मुलं शेजारच्या खोलीवर संशय घेत होती. एक्स्टेंशन टाकून दिली. दारामागं एसीसाठी घातलेला सोळा अँपियरचा सॉकेट मोकळाच होता, होस्टेलवाल्याला विचारून टेबल तिकडं सरकवलं. एका वेळी एकच वस्तू लावायची. स्वयंपाक झाल्यावर इंडक्शनचं बटण बंद करायचं, पण भिंतीवरचं लगेच नाही, आतला पंखा थांबेपर्यंत थांबायचं.

दुसऱ्या महिन्याचा हिशोब आता सांगतो, भाव माझ्याच दुकानातले, त्या महिन्याचे. कण्यांची ज्वारी, चार किलो तांदूळ आणि किलोभर पोहे मिळून 440. दीड किलो तूरडाळ, किलो मूगडाळ, किलो मटकी आणि अर्धा किलो सोयावडी, 470. शेंगदाणे, गूळ आणि लिटर तेल, 330. अंड्यांचा तिसाचा ट्रे 200. कांदे-बटाटे आणि आठवड्याची भाजी 390. दुधाची अर्ध्या लिटरची पिशवी मित्राबरोबर निम्मी, महिन्याचे 450. मसाला, मीठ, चहा, साखर 250. भाकऱ्या 180. वीज पंचवीस युनिट, म्हणजे 250. बेरीज 2960. बाहेरचं खाणं 300 वर आलं, तेही मित्राच्या वाढदिवसाला. एकूण 3260.

आकड्यात एक गंमत आहे. नुसतं दोन वेळचं जेवण पाहिलं तर मेसपेक्षा फार स्वस्त पडत नाही. मेसवाला पोत्यानं घेतो, त्याच्याशी आपण भावात जिंकणार नाही. वाचतं ते नाष्ट्यात, चहात आणि रात्री दहाच्या वडापावात. आणि तो वडापाव थांबला कशानं, तर डाळ शिजल्यानं. पहिल्या महिन्यात त्याच्याकडून महिन्याला जेमतेम किलोभर डाळ संपली होती, कारण कच्ची डाळ कोण खाणार? दुसऱ्या महिन्यात डाळी आणि मटकी मिळून साडेतीन किलो संपली. भूक आपोआप मिटली. म्हणून मी आता मुलांना मॅगीचा पुडा देताना विचारतो, खोलीतलं पाणी कसलं आहे.

खटकणाऱ्या गोष्टीही लिहितो. बाराव्या दिवशी पोरगा कण्यांना कंटाळला, दोन दिवस नुसते पोहे खाल्ले. मग मित्रानं सुचवलं म्हणून कण्यांना भाताऐवजी उपम्यासारखी कांदा-मिरचीची फोडणी दिली, तेव्हा पुन्हा चालू झालं. दूध मात्र जमलंच नाही. अर्धी पिशवी सकाळच्या चहाला, उरलेल्याचं दही लावायचं असा बेत होता, पण त्या उकाड्यात दही दुपारपर्यंत इतकं आंबायचं की त्याचं ताकच करावं लागे. आणि परीक्षेच्या आठवड्यात सकाळचे पन्नास मिनिटं देणं त्याला जड गेलं. त्या आठवड्यात त्यानं फक्त संध्याकाळी शिजवलं, सकाळी शेंगदाणे, गूळ आणि अंडं.

एका रात्री वादळात लाईट गेली ती दुसऱ्या दिवशी दुपारी आली. इंडक्शन बंद, किटली बंद. खोलीत मुरमुरे नव्हते म्हणून सुशीला हा मुरमुऱ्यांचा नाष्टाही नाही, आणि फोडणी तरी कशावर देणार? पोहे फिल्टरच्या पाण्यात धुऊन निथळले, त्यावर आंबट दही, कच्चा कांदा, शेंगदाण्याची चटणी. दोघांनी एकाच डब्यात खाल्लं. तिसऱ्या महिन्याच्या यादीत त्यानं पोहे किलोचे दीड किलो केले, अर्धा किलो मुरमुरे लिहिले, आणि खाली आक्कासाठी एक ओळ: येसर एक किलो जास्त पाठव, पोरं मागून नेतात.